पेटीतले हत्ती: स्लाइडवरून जात ठरवण्याच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

काकांची स्लाइडची पेटी आज उघडली. काका मर्चंट नेव्हीत होते. जहाज बंदराला लागलं आणि चार दिवसांची सवड मिळाली की कॅमेरा खांद्याला लावून जवळचं रान गाठायचं, हा त्यांचा शिरस्ता. मोम्बासा, पोर्ट एलिझाबेथ, गॅबनचा किनारा, कोलंबो, शिवाय रजेवर आल्यावर आपल्याकडचं. आता पेटी गावच्या शाळेतल्या निसर्गदालनासाठी दिली आहे. त्यातून हत्तींचा एक भिंतफलक करायचा आहे: कोणता हत्ती कोणत्या जातीचा आणि तो फोटोवरून ओळखायचा कसा.

अडचण अशी की स्लाइड ट्रेमधून निघून एकमेकींत मिसळल्या आहेत. चौकटीवर कुठे नुसतं ‘हत्ती’, कुठे काहीच नाही. कोडॅकच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर महिना आणि साल छापलेलं असतं, पण ते रीळ धुतल्याचं. बोटीवरच्या माणसाचं रीळ सहा महिन्यांनीही धुतलं जाऊ शकतं, त्यामुळे त्यावरून बंदर ठरत नाही.

जाती तीन. आशियाई हत्ती, आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशातला सव्हाना हत्ती आणि मध्य व पश्चिम आफ्रिकेच्या घनदाट रानातला वनहत्ती. दोन आफ्रिकी हत्तींना पूर्वी एकाच जातीत धरत. २००१ मध्ये जनुकीय अभ्यासातून ते वेगळे असल्याचं पुढे आलं आणि २०२१ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने आपल्या लाल यादीत दोघांची पहिल्यांदा वेगवेगळी नोंद केली. म्हणून काकांच्या वहीत ‘आफ्रिकन’ लिहिलेलं असलं तरी आमचं काम अर्धंच होतं.

पद्धत ठरली. चौकटीवरचा मजकूर कागदाने झाकायचा. मी आणि ताई (कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या, आता निवृत्त) एकाच स्लाइडकडे वेगवेगळं बघणार. कान, पाठ, कपाळ, सुळे असे चार रकाने, आणि प्रत्येकात काय दिसतं तेच लिहायचं. काय वाटतं ते नाही. किमान दोन रकान्यांनी एकच जात सांगितली तर ती लिहायची, नाहीतर ‘नक्की नाही’. मग कागद काढायचा.

५ नोव्हेंबर

आधी डोळा बसवणं भाग होतं, म्हणून ज्यांच्याबद्दल वादच नाही अशा फोटोंपासून सुरुवात केली. गडचिरोलीतल्या कमलापूरच्या कॅम्पातले हत्ती आणि तिलारी खोऱ्यातल्या टस्करांचे लोकांनी काढलेले फोटो. कर्नाटकातून उतरलेले हत्ती २००२ पासून दोडामार्ग भागात दिसू लागले, त्यामुळे आमच्याकडे त्यांच्या फोटोंना तोटा नाही. बागेच्या कडेने, घाईत, थरथरत्या हाताने काढलेले असतात. आणि आम्हाला नेमके तसेच हवे होते, कारण काकांच्या स्लाइडही काही कॅलेंडरवरच्या नाहीत.

आशियाई हत्तीचं डोकं समोरून बघितलं की कपाळावर दोन उंचवटे आणि मधे खाच. आपली कुंभस्थळं ती हीच. बाजूने बघितलं तर कपाळ पुढे फुगलेलं, त्याखाली सोंडेच्या मुळाशी किंचित खोलगट. हत्ती आरामात उभा असेल तर त्याच्या देहाचा सर्वांत उंच बिंदू डोक्यावरच येतो. तिथून पाठ एक तर कमानीसारखी वर उचललेली असते किंवा जवळजवळ सपाट जाऊन शेपटीकडे उतरते.

सव्हाना हत्तीचं उलट. कपाळ एकसंध, खाच नाही, उतरत सोंडेत मिसळणारं. डोकं खांद्याच्या मानाने खाली लटकल्यासारखं. उंच बिंदू खांद्यावर, तिथून पाठ मधे खचते आणि शेपटीच्या आधी, पुठ्ठ्यापाशी, पुन्हा चढते.

ताईंनी एक चांगली सवय लावून दिली: फोटोवर पारदर्शक कागद ठेवून नुसती बाह्यरेषा काढायची. रंग, सुरकुत्या, झाडी सगळं गळून पडतं. मग खांद्याचा उंचवटा आणि पुठ्ठ्याचा उंचवटा यांना जोडणारी सरळ रेघ पट्टीने मारायची. पाठीचा मधला भाग रेघेच्या वर गेला तर आशियाई, स्पष्ट खाली गेला तर सव्हाना, आणि रेघेलाच चिकटून चालला तर घाई करायची नाही. तिथे वनहत्तीही असू शकतो आणि बाकी दोघांपैकी कोणीही.

८ नोव्हेंबर

पाठीच्या रेषेवर आज दिवसभर वाद झाला.

एका स्लाइडमध्ये हत्ती उतारावर उभा आहे, पुढचे पाय वर, मागचे खाली. रेघ मारली तर पाठ सपाट निघते. पण कपाळ एकसंध आणि कान भले मोठे. दुसरीत हत्ती पाणी पितोय, मान खाली. डोकं हा उंच बिंदू राहिलाच नाही, खांदा वर आला. डोकं आणि खांदा यांची तुलना नुसत्या पवित्र्यानेही उलटते हे त्यावरून दिसलं. खांदा ते पुठ्ठा ही रेघ मात्र मान खाली घातल्याने फारशी बिघडत नाही. म्हणून ‘उंच बिंदू कुठे’ हा प्रश्न आम्ही दुय्यम केला आणि रेघ मुख्य ठेवली.

रेघ कधी वापरायची नाही, तेही लिहून ठेवतो. एक, हत्ती तिरका उभा असेल तेव्हा. दोन्ही डोळे दिसत असतील तर तो तिरका आहेच, खांदा कॅमेऱ्याजवळ आणि पुठ्ठा लांब. पुढच्या आणि मागच्या पावलांचे तळ एका पातळीत येत नसतील तरी संशय धरायचा: एक तर जमीन उताराची आहे, नाहीतर प्राणी तिरका आहे. दोन, पाठीवर गादी, झूल किंवा हौदा असेल तेव्हा. मग पाठ दिसतच नाही, आपण कापड मोजतो. तीन, पिलू असेल तेव्हा. पिलाचं अंग भरायचं असतं, त्याच्या पाठीला अजून जातीचा आकार आलेला नसतो.

रोड हत्ती ही आणखी एक पंचाईत. हाडं वर आलेल्या म्हाताऱ्या आशियाई हत्तीचा कणा वर दिसतो आणि दोन्ही बाजू खचतात. बाजूने बघताना ती खचलेली बाजू पाठीची खळगी वाटू शकते. बाह्यरेषा कण्यावरूनच काढायची, सावलीवरून नाही.

१२ नोव्हेंबर

आजचा दिवस कानांचा. शाळेत सगळ्यांना शिकवलेलं असतं की आफ्रिकेच्या हत्तीचा कान आफ्रिकेच्या नकाशासारखा आणि भारतातल्याचा भारताच्या. लक्षात ठेवायला ठीक आहे. पण काकांच्या बऱ्याच स्लाइडमध्ये कान मानेला चिकटलेला, अर्धा दुमडलेला किंवा फडफडवताना अस्पष्ट झालेला आहे. तिथे नकाशा शोधत बसलात तर हवा तो नकाशा सापडतो.

त्यापेक्षा तीन जागा बघायच्या. पहिली, कानाची वरची कड मानेच्या वरच्या रेषेच्या मानाने कुठे येते. आशियाई हत्तीत ती मानेच्या रेषेच्या खालीच राहते. आफ्रिकी हत्तीत ती मानेच्या वर जाते, आणि कान मागे टाकला तर सव्हाना हत्तीचा जवळपास सगळा खांदा झाकला जातो. चारही रकान्यांत मला हीच खूण सर्वांत भरवशाची वाटली, कारण ती अस्पष्ट फोटोतही टिकते, आणि तिरक्या फोटोतही बऱ्यापैकी.

दुसरी, वरच्या कडेची घडी. आशियाई हत्तीचं वय वाढतं तशी कड दुमडत जाते, बहुतेकांची पुढच्या बाजूला. वनखात्याचे लोक हत्तीच्या वयाचा अंदाज बांधताना ही घडी बघतातच. आफ्रिकी हत्तीची कड मागे, मानेकडे वळते. पण ही खूण एकटीवर सोडायची नाही. तरुण आशियाई हत्तीला घडीच नसते आणि काहींची मागेही वळते.

तिसरी, खालचं टोक. सव्हाना हत्तीच्या कानाला खाली कोपरा असतो, तो छातीच्या दिशेने टोकदार उतरतो. वनहत्तीच्या कानाची खालची कड गोलाईने फिरते, कोपरा ठळक नसतो. आशियाई कानालाही खाली टोक असतं, पण कानच लहान, त्यामुळे ते जबड्याच्या आसपासच संपतं.

कडांच्या फाटक्या खाचा, भोकं यांचा जातीशी संबंध नाही. ती एकेका हत्तीची ओळख. आणि दादाने (स्कॅनिंगचं काम तो करतो) एक बरोबर सांगितलं: स्लाइड उलटी घातली गेली तर डाव्या कानाची खाच उजवीकडे जाते. जातीला त्याने फरक पडत नाही, पण एकाच हत्तीच्या दोन स्लाइड शोधताना पडतो. म्हणून तो आधी स्लाइडची चकचकीत आणि खरखरीत बाजू बघून घेतो.

आशियाई हत्तीच्या कानाच्या कडेला आणि सोंडेच्या मुळाशी गुलाबी ठिपके येतात, वयाबरोबर वाढतात. दिसले तर शेरा लिहितो. न दिसल्याने काही सिद्ध होत नाही.

१७ नोव्हेंबर

आज एक स्लाइड मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण फलकावर ती घ्यायचीच असं ठरलं आहे.

झुडपाळ, काटेरी माळ. तीन हत्तिणी आणि एक पिलू, अंगावर तांबडी माती. एकीलाही सुळे नाहीत. पेटीत ही स्लाइड कोणीतरी, बहुधा घरच्यांपैकी, भारतातल्या स्लाइडबरोबर ठेवली होती आणि चौकटीवर पेन्सिलीने ‘म्हैसूर?’ असं लिहिलं होतं. तर्क उघड आहे: आफ्रिकेत नर-मादी दोघांनाही सुळे असतात, आपल्याकडे माद्यांना दिसण्याजोगे नसतात, म्हणजे या आपल्याकडच्या.

मजकूर झाकून पाहिलं. डावीकडची हत्तीण नेमकी बाजूने उभी, चारही पावलं एका पातळीत. रेघ मारली: पाठीचा मध्य रेघेच्या स्पष्ट खाली. कान मागे टाकलेला, वरची कड मानेच्या वर, खांदा जवळजवळ झाकलेला, खाली टोकदार कोपरा. मधल्या हत्तिणीचं डोकं समोरून दिसतं. कपाळाला खाच नाही. तीन रकाने सव्हाना म्हणतात आणि सुळ्यांचा रकाना गप्प आहे. मी आणि ताईंनी वेगवेगळं बसून एकच उत्तर लिहिलं.

कागद काढला, काकांची वही चाळली. त्या सालच्या फेरीत त्यांचं जहाज दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथला लागलं होतं. तिथून अ‍ॅडो हत्ती उद्यान जवळ आहे. मग कोडं उरतच नाही. या भागात हत्तींची बेसुमार शिकार झाली आणि १९३१ मध्ये उद्यान स्थापन झालं तेव्हा फक्त ११ हत्ती शिल्लक होते. इतक्या थोड्या जनावरांपासून पुढचा सगळा कळप वाढला, त्यामुळे त्यांच्यात जे होतं तेच पसरलं. विसाव्या शतकाच्या शेवटी अ‍ॅडोतल्या सुमारे ९८ टक्के माद्या बिनसुळ्यांच्या होत्या.

मोझांबिकमधल्या गोरोंगोसा उद्यानातही असंच, पण कारण वेगळं. १९७७ ते १९९२ च्या यादवी युद्धात सैन्यांनी हस्तिदंतासाठी हत्ती मारले, सुळेवाले जास्त मेले, वाचलेल्यांत बिनसुळ्या माद्यांचं प्रमाण वाढलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ते १८.५ टक्क्यांवरून ५०.९ टक्क्यांवर गेलं. हा गुण एक्स गुणसूत्रावरून येतो आणि नर गर्भाला बहुधा मारक ठरतो, म्हणून तिथे बिनसुळ्या आढळतात त्या माद्याच.

आपल्याकडे याची दुसरी बाजू. आशियाई नरांतही सगळ्यांना सुळे नसतात. बिनसुळ्या नराला मखना म्हणतात. दक्षिण भारतात मखने कमी, ईशान्येत बरेच, आणि श्रीलंकेत तर सुळेवाला नर हीच दुर्मीळ गोष्ट. तेव्हा कोलंबोच्या फेरीतल्या स्लाइडमध्ये सुळे नाहीत म्हणून ‘हत्तीण’ लिहायचं नाही. डोक्याचा भारदस्तपणा, सोंडेच्या मुळाची जाडी, पोटाखालची रेषा बघूनच नर-मादी लिहायचं. आशियाई मादीला कधीकधी ओठाबाहेर डोकावणारे आखूड सुळे असतात. तेवढ्यावरून तिला आफ्रिकेत पाठवायचं नाही.

आमच्या चार रकान्यांत सुळ्यांचं वजन सर्वांत कमी ठेवायचं असं आज ठरलं. बघणारा मात्र सर्वांत आधी तिथेच बघतो.

२१ नोव्हेंबर

दोन चटकन सुटलेल्या, एक न सुटणारी.

मोम्बासाच्या रिळातले हत्ती विटेसारखे तांबडे. केनियातल्या त्सावो उद्यानाची माती. आकृती सव्हाना, प्रश्नच नाही. पण दालनात फलक बघायला येणारी मुलं ‘लाल हत्ती’ ही वेगळी जात समजतील, म्हणून मजकुरात एक ओळ घालायची: हत्तीचा रंग बहुधा त्या गावच्या मातीचा असतो.

सर्कशीची स्लाइड, युरोपातल्या कुठल्यातरी बंदरगावातली. हत्तीच्या डोक्यावर पिसांचा टोप, कपाळ झाकलेलं, पाठीवर झूल, कानापाशी प्रेक्षकाचा हात आडवा आलेला. चारही रकाने रिकामे जाणार असं वाटलं. पण सोंड कॅमेऱ्याकडे पसरलेली आहे, केळ्यासाठी. टोकाला वरच्या बाजूने एकच बोट आणि खालची कड गोल. आशियाई हत्तीचं हे असं असतं. आफ्रिकी हत्तीच्या सोंडेला वर आणि खाली अशी समोरासमोर दोन बोटं असतात, तो चिमटीत धरतो. आमच्या चार खुणांत सोंड नव्हती. पाचवा रकाना घातला, ‘मिळाल्यास’ असा शेरा मारून. दुसरी खूण लागतेच, ती कानाच्या कडेवरच्या गुलाबी ठिपक्यांनी पुरवली.

नखं मोजायचा ताईंचा प्रस्ताव मी सध्या बाजूला ठेवला आहे. आशियाई आणि वनहत्तीला साधारणपणे पुढच्या पायाला पाच आणि मागच्या पायाला चार नखं, सव्हाना हत्तीला चार आणि तीन. पण पुढे पाच असलेले सव्हाना हत्तीही आढळतात, आणि गवतात उभ्या हत्तीची नखं दिसली तर देव पावला.

न सुटणारी: श्रीलंकेतल्या कँडीच्या मिरवणुकीतला हत्ती, रात्रीची स्लाइड. अंगभर नक्षीदार वस्त्र, त्याला डोळ्यांपुरती भोकं, कानही कापडात. लांब सुळे, एवढंच काय ते उघडं. जात आशियाई, हे जागेवरून कोणीही सांगेल. पण आमच्या नियमाने ‘नक्की नाही’. ताई म्हणाल्या, “अहो, कँडीत आफ्रिकेचा हत्ती कोण आणतंय?” बरोबर आहे. तरी रकान्यात ‘आकृतीवरून नक्की नाही, स्थळावरून आशियाई’ असं दोन्ही लिहिलं. जागेवरून ठरवलेलं आणि आकृतीवरून ठरवलेलं एकत्र केलं तर तपासणी कशाची केली हेच कळणार नाही.

२४ नोव्हेंबर

जागेवर विसंबलं की काय होतं त्याचा नमुना लगेच तीन दिवसांत मिळाला.

चौकटीवर स्वच्छ अक्षरात ‘दिल्ली झू’. हत्तीचं वाढतं पिलू, कुंपणापाशी. मजकूर झाकलेला असताना मी लिहिलं: पाठ: वापरायची नाही (पिलू); कपाळ: खाच दिसत नाही, पण या वयात आशियाई पिलाचेही उंचवटे पुरते आलेले नसतात; सुळे: नाहीत, वयामुळे अर्थ नाही; कान: वरची कड मानेच्या वर, अंगाच्या मानाने फारच मोठा, खाली कोपरा. सोंडेचं टोक जमिनीला टेकलेलं. ताईंच्या कागदावर जवळपास हेच, शिवाय ‘सोंडेवर ठळक आडव्या वळ्या’. आफ्रिकी हत्तीच्या सोंडेवर त्या जास्त ठळक असतात, ते खरं.

कागद काढल्यावर दादा म्हणाला, “दिल्ली? मग आपलाच की.” पण हा बहुतेक शंकर. झिंबाब्वेकडून राष्ट्रपती शंकरदयाळ शर्मांना भेट म्हणून दिलेला आफ्रिकी हत्ती, १९९८ मध्ये दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात आला. त्याच्याबरोबर आलेली मादी लवकर गेली आणि तो पुढे वर्षानुवर्षं एकटाच राहिला. या सप्टेंबरात गेला. बातम्या सगळ्यांनी वाचल्याच आहेत. चौकटीवरचं छापील सालही १९९८ नंतरचं आहे.

फलकावर ही स्लाइड सव्हाना हत्तींच्या रांगेत जाणार. नाव लिहायचं की नाही यावर मत पडलं नाही. ‘बहुतेक’ लावून लिहावं असं माझं म्हणणं.

२९ नोव्हेंबर

खरा कस लागला तो गॅबनच्या स्लाइडवर. म्हणजे गॅबनच्या असाव्यात अशा.

समुद्रकिनाऱ्यालगतचं गवत, मागे भिंतीसारखं रान, एक हत्तीण आणि तिच्या पोटाशी पिलू. आफ्रिकी हे उघड: कपाळाला खाच नाही, कानाची वरची कड मानेच्या वर. प्रश्न एवढाच की सव्हाना की वन.

वनहत्तीच्या खुणा आम्ही आधी लिहून ठेवल्या होत्या. कानाची खालची कड गोल. पाठ बरीच सरळ. सुळे बारीक, फारसे न वळता सरळ जमिनीकडे रोखलेले, रंगाला पिवळसर-गुलाबी झाक. सव्हाना हत्तीचे जाड, बाहेर आणि पुढे वळत वर उचललेले. जबडा लांबट, चेहरा अरुंद. आणि सगळा प्राणीच लहान. नर सव्हाना हत्ती खांद्याशी तीन मीटरच्या वर जातो, वननर साधारण सव्वादोन ते अडीच मीटर. पण फोटोत उंची मोजायला शेजारी काही नसतं, म्हणून आकार हा रकाना आम्ही ठेवलाच नव्हता.

अडचण इथेच आहे. तरुण सव्हाना हत्तीचे सुळेही आखूड, बारीक आणि कमी वळलेले असतात. त्याची पाठही अजून पुरती खचलेली नसते. म्हणजे न वाढलेला सव्हाना आणि वाढलेला वनहत्ती एका अस्पष्ट फोटोत एकमेकांची जागा घेऊ शकतात. तेव्हा आधी सिद्ध करायचं ते जनावराचं वय, जात नंतर.

ताईंनी पुढच्या दोन पायांमधली जागा भिंगाखाली धरली. हत्तिणीचे स्तन छातीशी, पुढच्या पायांमधे असतात, आणि पिलाला पाजणारीचे भरलेले दिसतात. इथे दिसतात. पिलूही तिच्या पोटाखाली सहज मावेल एवढंच आहे, म्हणजे वर्षाच्या आतलं. ही पूर्ण वाढलेली, व्यालेली मादी आहे. मग तिची सरळ पाठ आणि सरळ सुळे यांना ‘अजून लहान आहे’ ही सबब लागू पडत नाही. आणि सुळे आखूडही नाहीत. सोंडेच्या दोन्ही बाजूंनी, एकमेकांना समांतर, गुडघ्यांच्या दिशेने सरळ खाली गेले आहेत. खांदा-पुठ्ठा रेघेला पाठ जवळजवळ चिकटून चालते. कानाची खालची कड गोल आहे, कोपरा मला तरी सापडला नाही. ताईंनी ‘कोपरा किंचित’ असं लिहिलं आहे.

निकाल: वनहत्ती. तीन खुणा, त्यातली एक वादातली. गॅबनच्या किनाऱ्यावर वनहत्ती रानातून वाळूपर्यंत उतरतात, ते स्थळाशीही जुळतं, पण ते वेगळ्या ओळीत लिहिलं.

याच रिळातल्या दुसऱ्या स्लाइडमध्ये एकटा नर आहे, तिरका, अर्धा गवतात, सुळे पुढे आलेले आणि बेताचे. कान पसरलेला, पण खालचा भाग गवताने खाल्ला. याला ‘आफ्रिकी, जात नक्की नाही’. दादाला हे पटत नाही. एकाच रिळातले, एकाच किनाऱ्यावरचे, मग दुसरा कुठून आला? त्याचं म्हणणं खोटं नाही. पण रीळ मधेच बदललं नाही, जहाज पुढच्या बंदराला गेलं नाही, याचा पुरावा आमच्याकडे नाही.

३ डिसेंबर

‘नक्की नाही’चा रकाना ठेवायला नको, फलकावर बरा दिसत नाही, असं शाळेकडून आलं. ताईंनी शांतपणे दोन उदाहरणं दिली.

एक, युगांडातलं किबाले आणि काँगोच्या सीमेलगतचा पट्टा. तिथे रान आणि गवताळ प्रदेश एकमेकांना लागून आहेत, दोन्ही आफ्रिकी जाती भेटतात आणि त्यांची मिश्र संतती जनुकीय तपासणीत सापडली आहे. अशा हत्तीचा कान गोल आणि सुळे वळलेले असले तर फोटोवरून कोणती जात लिहिणार? तिथे ‘आफ्रिकी’ एवढंच लिहिणं जास्त बरोबर.

दुसरं, मॉटी. १९७८ च्या जुलैमध्ये इंग्लंडच्या चेस्टर प्राणिसंग्रहालयात आशियाई मादी आणि आफ्रिकी नर यांचं पिलू जन्मलं. दोन्ही वंश इतके लांबचे की कोणाला शक्य वाटलं नव्हतं. दहा दिवस जगलं. त्याचे कान आफ्रिकी वळणाचे मोठे आणि टोकदार, सोंडेवर सुरकुत्या आफ्रिकी, पण टोकाला बोट एकच, आशियाई. कपाळावर पुढे एक उंचवटा आणि त्याच्या मागे दोन. आमचे रकाने त्याच्यापुढे एकमेकांशी भांडले असते. एवढं एकच उदाहरण ज्ञात आहे, त्यामुळे रोजच्या कामात त्याची धास्ती नको. पण रकाने वेगवेगळे का भरायचे हे मुलांना सांगायला उत्तम.

रकाना राहिला.

९ डिसेंबर

फलकाची मांडणी ठरली. वर तीन बाह्यरेषा, काळ्या, सारख्या उंचीच्या, म्हणजे आकाराने नव्हे तर आकृतीने ओळखायची सवय लागेल. खऱ्या उंचीची पट्टी बाजूला वेगळी. प्रत्येक बाह्यरेषेवर खांदा ते पुठ्ठा तांबडी रेघ आणि मानेच्या रेषेवर कानाच्या कडेची खूण. वनहत्तीची बाह्यरेषा त्याच पाजणाऱ्या हत्तिणीवरून काढली आहे.

खाली काकांच्या स्लाइड, पण जातवार रांगा न लावता. अ‍ॅडोच्या बिनसुळ्या माद्यांशेजारी श्रीलंकेचा मखना आणि दिल्लीचं पिलू. मजकूर झडपेखाली. मुलांनी आधी बघायचं, चार रकान्यांच्या कागदावर खूण करायची, मग झडप उचलायची.

झडपेखालचा अ‍ॅडोचा मजकूर असा धरला आहे: “सव्हाना हत्ती, माद्या. अ‍ॅडो, दक्षिण आफ्रिका (वहीवरून). पाठ: मधे खचलेली. कान: कड मानेच्या वर, खांदा झाकलेला, खाली कोपरा. कपाळ: खाच नाही. सुळे: नाहीत, आणि इथल्या माद्यांना बहुधा नसतातच.” गवतातल्या त्या नराच्या झडपेखाली “आफ्रिकी, जात नक्की नाही. कानाची खालची कड दिसत नाही.” एवढंच.

राहिलेलं काम: कँडीच्या स्लाइडचा दुसरा स्कॅन जास्त उजेडात घ्यायचा. कापडाच्या भोकातून कानाची कड दिसते का ते दादा बघणार आहे. काकांच्या घरून आणखी एक ट्रे येणार आहे, त्यात माळ्यावरची जुनी रिळं असल्याचं काकूंनी फोनवर सांगितलं. तोवर रकान्यांचे कोरे कागद छापून घ्यायचे, या वेळी सोंडेचा पाचवा रकाना धरून.